रबाळे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प: डब्ल्यूबीएस डिक्शनरी आणि कंट्रोल अकाउंट 1.2 (स्थापत्य)

आवृत्ती 2. आकडे 31 मार्च 2026 अखेरचे. प्रत: सर्व कंट्रोल अकाउंट मॅनेजर, खरेदी, लेखा, साइट ऑफिस.

भिंतीवरच्या डब्ल्यूबीएस तक्त्यात 1.2.1 समोर फक्त "खोदकाम" लिहिलं आहे. त्यात पाणी उपसा धरायचा का, हे तक्ता सांगत नाही. मागच्या एका कामावर ऐन जूनमध्ये खड्डा भरला, पंप भाड्याने आणला आणि त्याचं बिल तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून राहिलं. स्थापत्यवाले म्हणत पंप मेकॅनिकलचा, मेकॅनिकलवाले म्हणत खड्डा तुमचा. या वेळी प्रत्येक कामाच्या हद्दी आधीच लिहून ठेवत आहोत.

प्रकल्पाचं वाटप केलेलं बजेट 53 लाख: 1.1 डिझाइन व परवानग्या 4, 1.2 स्थापत्य 18, 1.3 यंत्रसामग्री 22, 1.4 वीज व कंट्रोल पॅनल 6, 1.5 चाचणी व हस्तांतरण 3. शिवाय 3 लाखांचा राखीव निधी प्रकल्प प्रमुखांकडे आहे. तो कोणत्याही कंट्रोल अकाउंटमध्ये धरलेला नाही. डब्ल्यूबीएसचा घटक आणि त्याला जबाबदार असलेला विभाग जिथे एकत्र येतात, तिथे एक कंट्रोल अकाउंट आणि त्याचा एकच मॅनेजर. व्याप्ती, पैसा आणि तारीख, तिन्हींचं उत्तर त्यानेच द्यायचं.

कंट्रोल अकाउंट 1.2
मॅनेजर: स्थापत्य विभागाचे वरिष्ठ अभियंता
बजेट: ₹18,00,000
कालावधी: 16 फेब्रुवारी ते 22 मे 2026

1.2.1 खोदकाम, ₹3,00,000. यात खड्ड्याच्या बाजूंना आधार, माती उचलून नेणं आणि पाणी उपसा (पंपाचं भाडं व डिझेलसह) येतं.

1.2.2 इक्वलायझेशन टाकी, आरसीसी, ₹9,00,000. यात सळई, शटरिंग, काँक्रीट, क्युअरिंग येतं. पडल पाइप पुरवणं आणि त्यांच्या जागांचं ड्रॉइंग देणं 1.3 कडे, ते शटरिंगमध्ये पक्के बसवणं 1.2 कडे. प्रगतीचं माप टप्प्यांनी: राफ्ट 30%, भिंतीचा पहिला थर 20, दुसरा थर 20, स्लॅब 20, शटरिंग काढणं 10. टप्पा पूर्ण झाल्याशिवाय गुण नाहीत. "निम्मं झालंय" हे माप धरणार नाही.

1.2.3 पंपघर व यंत्रांचे पाये, ₹4,00,000. अँकर बोल्ट 1.3 देईल.

1.2.4 वॉटरप्रूफिंग आणि गळती चाचणी, ₹2,00,000. टाकी भरून 7 दिवस ठेवायची, नोंदवहीवर 1.2 आणि 1.3, दोघांची सही झाली की काम स्वीकारलं. चाचणीसाठी लागणारं टँकरचं पाणी यातच.

शेड्युलमधल्या प्रत्येक ॲक्टिव्हिटीला, पर्चेस ऑर्डरला आणि बिलाला हाच कोड लावायचा. कोड नसलेलं बिल लेखा विभाग परत पाठवेल.

31 मार्चची स्थिती

नियोजनाप्रमाणे खोदकाम पूर्ण आणि टाकी दुसऱ्या थरापर्यंत, म्हणजे 70% व्हायला हवी होती. प्रत्यक्षात खोदकाम पूर्ण आहे, टाकी पहिल्या थरापर्यंत, 50%. खर्च 8.1 लाख झाला.

```
PV = 3.0 + 6.3 = 9.3
EV = 3.0 + 4.5 = 7.5
AC = 8.1
CV = EV - AC = -0.6
SV = EV - PV = -1.8
CPI = 7.5 / 8.1 = 0.93
SPI = 7.5 / 9.3 = 0.81
```

(लाख रुपयांत.) हाच सीपीआय पुढे चालला तर 18 × 8.1 ÷ 7.5, म्हणजे शेवटचा खर्च 19.44 लाख होईल. पण मला तो अंदाज इथे पटत नाही. 60 हजारांच्या वाढीव खर्चातले 45 हजार खोदकामात कातळ लागला म्हणून ब्रेकरच्या भाड्याचे आहेत, आणि खोदकाम संपलं आहे. उरलेले 15 हजार सळईच्या वाया जाण्याचे. सळई कापण्याची यादी आता साइटवर बदलली आहे. म्हणून उरलेलं काम बजेटप्रमाणे धरून 8.1 + 10.5 = 18.6 लाख हा अंदाज नोंदवत आहे. सळई पुन्हा वाया गेली तर एप्रिलअखेर तो वाढवू.

उशिराचं कारण वेगळं. दुसरा थर 27 मार्चला ओतायचा होता, शटरिंग तयार होतं, पण पडल पाइपांचं ड्रॉइंग 1.3 कडून आलं नव्हतं. काँक्रीट ओतल्यावर भिंतीत कोर कापून पाइप घालणं म्हणजे गळतीला वाट करून देणं, म्हणून स्थापत्यच्या अभियंत्यांनी काम थांबवलं. तो निर्णय बरोबरच होता. उणे 1.8 लाख 1.2 च्याच खात्यात दिसतील, कारण माप कामाचं होतं. कारण आणि उपाय मात्र 1.3 च्या मॅनेजरच्या नावावर नोंदवले आहेत. ड्रॉइंग 2 एप्रिलपर्यंत, दुसरा थर 4 एप्रिलला. गळती चाचणी पावसाआधी उरकायची असल्यामुळे 22 मे ही तारीख हलवत नाही.

या डिक्शनरीतली हद्द किंवा बजेट बदलायचं असेल तर बदल अर्जावर दोन्ही खात्यांच्या मॅनेजरांची आणि प्रकल्प प्रमुखांची सही लागेल. व्हॉट्सॲपवरचा होकार चालणार नाही.

तयार केलं: प्रकल्प नियंत्रण अभियंता, रबाळे साइट