लोकेशन

आयर्विन पुलावर शुक्रवारी दुपारी पाणी 38 फूट होतं. 40ला इशारा, 45ला धोका, हे सांगलीतल्या पोरासोरांनाही पाठ असतं. विमा कंपनीच्या त्या शाखेत मात्र घाई वेगळी होती. पाच वाजायच्या आत पूरपट्ट्यातल्या फायर पॉलिसींची यादी विभागीय कार्यालयाला पाठवायची होती. शनिवार-रविवार सुट्टी.

अनुजाला लागून दीड वर्ष झालेलं. तिनं पिनकोडवार यादी काढली, हरिपूर रोडची गोडाऊन मोजली आणि थांबली. सात. आठ हवी होती. एप्रिलमध्ये एका हळद व्यापाऱ्याची पॉलिसी तिनंच केली होती, स्टॉक अडीच कोटी. गोडाऊन नदीकडच्या अंगाला, म्हणून एजंटानं आतले-बाहेरचे फोटोसुद्धा दिले होते.

पॉलिसी उघडली. विमा रक्कम बरोबर. बँकेचं नाव बरोबर. पूर-वादळाचं कव्हर आहे. आणि ‘जोखमीचं ठिकाण’ या रकान्यात विश्रामबागचा पत्ता, शेठजींच्या ऑफिसचा. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या आणि नमुन्याच्या बरण्या. हळदीचं एक पोतं नाही.

कसं झालं ते तिला लगेच कळलं. पत्रव्यवहाराचा पत्ता भरला की खाली एक चौकोन येतो, ‘जोखमीचं ठिकाण तेच’. त्यात खूण आधीच असते, ती काढायची राहिली. पूर-वादळाचा दर दोन्हीकडे एकच, त्यामुळे प्रीमियममध्ये पैशाचा फरक पडला नाही आणि तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटलं. शेड्यूलच्या तळाशी एन्ट्री करणाऱ्याचा क्रमांक होता. तिचा.

रक्कम कमी पडली तर सरासरीचं कलम लागतं, प्रमाणात का होईना पैसे मिळतात. ठिकाणच चुकलं की त्या गोडाऊनमधला माल पॉलिसीत नाहीच, असं कागद म्हणतो.

साहेबांनी शेड्यूल वाचलं, चष्मा काढला. “आज बदलायचं? पाणी चढतंय, आणि आपण विश्रामबाग खोडून नदीकाठ लिहायचा? वरचे म्हणतील, पूर बघून जोखीम घेतली.”

“नवी नाही घेत, सर. एप्रिलमध्ये घेतलेली चुकीची छापलीय.”

“दाखव.”

फाइल रेकॉर्ड रूममध्ये, एप्रिलच्या गठ्ठ्यात होती. दमट कागद एकमेकांना चिकटलेले. प्रपोजल फॉर्मचं दुसरं पान तिनं नखानं सोडवलं: हरिपूर रोड, गट नंबरासकट, खाली शेठजींची सही, वर आवक शिक्का 11 एप्रिल. मागे एजंटाचे फोटो. बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटवरही हाच पत्ता. तिन्ही कागद स्कॅन करून तिनं मेल लिहिला. ‘सुधारणा करावी’ एवढंच लिहिलं असतं तर सोमवारी प्रश्न आले असते, म्हणून चूक कुणाची, कोणत्या रकान्यात, प्रीमियमवर परिणाम शून्य, आणि आत्ता साडेचारला पुलाची पातळी किती, तेही लिहिलं. शेवटची ओळ साहेबांना खटकली.

“हे कशाला?”

“त्यांना नाहीतरी कळणारच, सर. आपण लपवलं असं नको.”

मंजुरी 5:40ला आली. एन्डोर्समेंट 5:52ला: ‘जोखमीचं ठिकाण पॉलिसी सुरू झाल्या दिवसापासून पुढीलप्रमाणे वाचावे.’ एक प्रत शेठजींना, एक बँकेला. शेठजींचा फोन आला तेव्हा मागून हमालांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

“ताई, कागदाचं राहू द्या, ट्रक मिळंना झालाय. 2019ला 57 फूट बघितलंय आम्ही.”

“कागद जपून ठेवा. आणि जेवढी पोती वर घेता येतील तेवढी घ्या, त्याचे फोटो काढा.”

रविवारी पहाटे गोडाऊनमध्ये पाणी शिरलं. कमरेएवढं.

पाणी ओसरल्यावर सर्व्हेअर आले. भिंतीवर पाण्याची रेघ पिवळी उमटली होती. खालची पोती फुगून थप्पी एका अंगाला कलंडली होती. त्यांनी एक पोतं उसवलं, हळकुंड मोडलं, आत बोट दाबलं. मऊ. वरच्या थरातलं मोडलं तर कट्कन आवाज आला. तो माल वेगळा मोजायला सांगून ते फाइलकडे वळले.

एन्डोर्समेंटची तारीख त्यांनी दोनदा पाहिली. “नुकसानीच्या दीड दिवस आधी?”

अनुजानं आवक शिक्क्याचं पान पुढं केलं. मग मंजुरीचा मेल, वेळेसकट.

“पुराची पातळीसुद्धा लिहिलीय तुम्ही,” ते म्हणाले. “एप्रिलमध्ये चुकीचं कुणी भरलं होतं?”

“मी.”

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पानाच्या कडेला अंगठ्याचा पिवळा ठसा उठला. “स्टॉक रजिस्टर द्या,” ते शेठजींना म्हणाले, “आणि त्या कोपऱ्यातली थप्पी कुणी हलवू नका.”