विषय: ३१ जानेवारीची मुदत पोर्टलवर संध्याकाळी साडेसहालाच संपली, २१४ शिष्यवृत्ती अर्ज परत आले, मुदतवाढ मिळावी

हेल्पडेस्क सर/मॅडम,

नमस्कार. मी पुण्याहून, हडपसरच्या आमच्या कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलवरून लिहितेय. तिकीट संस्थेच्याच लॉगिनमधून टाकतेय, त्यामुळे कॉलेजचं नाव, कोड, प्राचार्यांचा नंबर सगळं तुम्हाला तिथेच दिसेल. काल रात्री एक तिकीट टाकलं होतं, त्याला लगेच "अंतिम मुदत संपलेली आहे" असा तयार मेसेज आला आणि तिकीट क्लोज झालं. म्हणून हे दुसरं, आणि विनंती अशी की हे कोणीतरी माणसाने पूर्ण वाचावं, कारण मुदत संपलीच नव्हती हेच मला सांगायचंय.

झालं असं. संस्थेने तपासलेले अर्ज पुढे पाठवायची शेवटची तारीख ३१ जानेवारी २०२५, रात्री ११:५९, असं तुमच्या सूचनेत आणि लॉगिन केल्यावर वर फिरणाऱ्या पट्टीवर दोन्हीकडे होतं (स्क्रीनशॉट जोडलाय). आम्ही बल्क सबमिशनची सोय वापरतो, त्याची की तुमच्याकडूनच रीतसर अर्ज करून घेतलेली आहे. आणि तुमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की दिवसा लोड असतो, बल्क फाइल रात्री ८ नंतरच पाठवायची. म्हणून आमचा जॉब रोज रात्री ९ ला आपोआप चालतो. गुरुवारी ३० तारखेला याच जॉबने, याच कीने, याच वेळेला फाइल गेली आणि पावती आली. शुक्रवारी मात्र हे उत्तर आलं:

```
HTTP/1.1 403 Forbidden
Date: Fri, 31 Jan 2025 15:30:04 GMT

{"code":"WINDOW_CLOSED","closedAt":"2025-01-31T18:29:59"}
```

यातल्या दोन वेळा बघा प्लीज, सगळं त्यातच आहे. ११:५९:५९ मधून साडेपाच तास वजा केले की बरोबर १८:२९:५९ येतात, म्हणजे रात्री बाराची मुदत सिस्टीममध्ये जीएमटी करून ठेवलेली दिसतेय, त्यात काही चूक नाही, पण मग ती तपासताना घड्याळ भारतीय वेळेचं धरलं गेलंय आणि पोर्टलने आपल्या इथल्या संध्याकाळी साडेसहालाच दार लावून घेतलं. तुमच्याच सर्व्हरच्या Date ओळीत त्या क्षणी जीएमटीचे १५:३० वाजलेत. मुदत जीएमटीप्रमाणे १८:२९:५९ असेल तर आमची फाइल आली तेव्हा जवळजवळ तीन तास शिल्लक होते. कुठल्याही हिशोबाने बघितलं तरी आम्ही वेळेत होतो. त्याच दिवशी ६:२४ ला आमच्या टेबलवरून हाताने भरलेला एक अर्ज स्वीकारला गेला, त्याची पावतीही सोबत आहे, म्हणजे पोर्टल तोवर चालू होतं आणि लॉगिन, नेट, की यातलं काही बिघडलेलं नव्हतं.

आता मॅन्युअल म्हणतं रात्री ८ नंतर पाठवा आणि पोर्टल साडेसहाला बंद. म्हणजे शेवटच्या दिवशी बल्कवाल्या कुठल्याच कॉलेजला मार्ग नव्हता, फक्त आम्हालाच नाही. इतरांचीही तिकिटं आली असतील तर कृपया ती एकत्र बघा.

शेवटच्या दिवसापर्यंत का थांबलात असं विचाराल म्हणून आधीच सांगते. तयार झालेले अर्ज आम्ही रोजच्या रोज पाठवतच होतो, हे २१४ असे आहेत ज्यांचं काही ना काही बाहेरून यायचं होतं. कोणाचा उत्पन्नाचा दाखला गावच्या तहसीलमधून, कोणाचं खातं आधारला लिंक आहे पण एनपीसीआयच्या मॅपिंगमध्ये जुनीच बँक दिसतेय आणि पैसे त्या बंद खात्यात जाणार, म्हणून पोरांना परत बँकेत पाठवायचं. यातली बरीच मुलं बीड, धाराशिव, लातूरकडची, इथे कॉट बेसिसवर राहतात, दाखल्यासाठी गावी जाऊन यायचं म्हणजे कामावर आणि लेक्चरला दोन्हीकडे खाडा. अर्धवट अर्ज पुढे ढकलले असते तर ते त्रुटीत परत आले असते, म्हणून पूर्ण झाल्यावरच पाठवायचे असं आम्ही ठरवलं आणि ते बरोबरच होतं असं मला अजूनही वाटतं. मुदत होती त्या मुदतीत आम्ही काम पूर्ण केलं.

नंतर काही घुसवलंय अशी शंका येऊ नये म्हणून सांगते, फाइल शुक्रवारी संध्याकाळी ५:४० ला प्राचार्यांच्या डिजिटल सहीने लॉक झालेली आहे, सहीची वेळ फाइलमध्येच आहे. फाइलचं नाव batch_20250131_final.json, तिची SHA-256 बेरीज वेगळ्या फाइलमध्ये जोडलीय. तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये रात्री ९:००:०४ ची आमची रिक्वेस्ट असणारच, ताडून बघता येईल. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नेमून दिलेल्या कॉम्प्युटर यंत्रणेत रेकॉर्ड दाखल झालं की ते मिळालं असं धरलं जातं. आम्ही वाद घालायला हे लिहीत नाही, पण तुमच्या वरिष्ठांपुढे फाइल ठेवताना आधार लागला तर असावा म्हणून लिहिलं.

विनंती अशी आहे की आमच्या संस्थेच्या कोडसाठी पोर्टल किमान ४८ तास परत उघडावं, किंवा तुमच्या लॉगमध्ये शुक्रवारची फाइल सापडत असेल तर तीच ३१ जानेवारीच्या तारखेने दाखल करून घ्यावी. दुसरं जास्त बरं, कारण मग अर्जांवर उशिराचा शेरा पडणार नाही, आणि तो शेरा पडू नये हे खरंच महत्त्वाचं आहे, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तोच आडवा येतो. पहिला पर्याय दिलात तरी उशिराचा शेरा काढूनच द्यावा. आणि बंद व्हायची वेळ सिस्टीममध्ये दुरुस्त करावी, नाहीतर विद्यार्थ्यांच्या त्रुटीपूर्तीच्या मुदतीला हेच होईल आणि तेव्हा मुलं स्वतः मोबाइलवरून भरत असणार, त्यांना ही वेळेची भानगड कळायचीही नाही.

हे तुमच्या अधिकारात नसेल तर तिकीट बंद न करता नोडल अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि कोणाकडे पाठवलं तेवढं लेखी कळवा. आज शनिवार, फोन लागणार नाही याची कल्पना आहे. सोमवारी ३ तारखेला सकाळी १० पासून मी टेबलवर आहे, लॉगिनमध्ये दिलेल्या ऑफिसच्या नंबरवर कधीही फोन करा, लॉग किंवा मूळ फाइल लागली तर लगेच पाठवते. त्या दिवशी मुलं ऑफिसला विचारायला येणार आहेत, त्यांना सांगता येईल असं एका ओळीचं का होईना उत्तर तोवर मिळालं तर फार मदत होईल.

सोबत: सूचनेचा आणि पट्टीचा स्क्रीनशॉट, गुरुवारची बल्क पावती, शुक्रवारची ६:२४ ची पावती, जॉबचा पूर्ण लॉग, सही केलेली फाइल आणि तिची बेरीज, २१४ अर्जांचे आयडी.

आपली,
वरिष्ठ लिपिक, शिष्यवृत्ती विभाग
(प्राचार्यांच्या परवानगीने)
हडपसर, पुणे
१ फेब्रुवारी २०२५