आत्तीच्या सांगलीच्या खात्याचा अर्ज

आत्ती, अर्ज खाली दिलाय, तसाच कोऱ्या कागदावर उतरव. सही मात्र खातं उघडताना केली होतीस तशीच कर, जुळली नाही तर परत पाठवतात. पासबुक आधी भरून घे.

दि. 12 जून 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
विश्रामबाग शाखा, सांगली

विषय : बचत खाते बंद करून शिल्लक रक्कम दुसऱ्या बँकेतील माझ्या खात्यावर पाठवणेबाबत.

महोदय,
आपल्या शाखेत माझे बचत खाते क्र. 015110004729 आहे. मी मुलीकडे साताऱ्यास कायम राहण्यास जात असल्याने हे खाते आजपर्यंतचे व्याज जमा करून बंद करावे. सर्व रक्कम एनईएफटीने माझ्याच नावावरील सातारा येथील बचत खाते क्र. 60281147350 वर पाठवावी. त्या खात्याचा रद्द केलेला चेक सोबत जोडला आहे.
पासबुकानुसार 11 जूनअखेर 48,316 रुपये शिल्लक आहेत. काही शुल्क कापल्यास ते कशाचे, हे लेखी कळवावे. न वापरलेले चेक क्र. 412036 ते 412050 व एटीएम कार्ड परत करीत आहे. माझा एकही चेक वटायचा बाकी नाही. खाते बंद केल्याचे पत्र व शेवटपर्यंतचा खातेउतारा मिळावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
सुमन पाटील

अर्जाच्या दोन प्रती कर. दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस. "लागत नाही हो मावशी" म्हणतील. हसून परत माग. कार्ड त्यांच्यासमोर चिपवरूनच काप.

पण त्याआधी एक काम. गॅसचं अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात येतं, म्हणून सातारच्या बँकेत आधार जोडायचा फॉर्म भर. झालं की नाही ते मायआधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं, ताई बघेल. महावितरणचं बिल आपोआप कापलं जातं, तेही नव्या खात्यावर घे. सुरक्षा विम्याचे वर्षाचे 20 रुपये याच खात्यातून जातात आणि खातं बंद झालं की विमाही संपतो. साताऱ्यात नवा फॉर्म भर.

पैसे गेले की यूटीआर नंबर लिहून घे. साताऱ्यात जमा झालेली रक्कम म्हणजे 48,316 अधिक व्याज, वजा काही कापलं असेल तर ते. गणित जुळत नसेल तर उताऱ्यावर शेवटच्या दोन ओळी बघ, तिथेच कळतं. दुसऱ्या दिवशीही जमा नसेल तर तोच नंबर घेऊन शाखेत फोन कर. उताऱ्यावर शेवटी शून्य शिल्लक आणि हातात बंदचं पत्र, दोन्ही हवंच; नुसतं "झालं" म्हणणं चालत नाही. व्याजावर टीडीएस कापत नाहीत, पण रिटर्नमध्ये ते दाखवावं लागतं, म्हणून उतारा जपून ठेव. तक्रार लेखी देऊनही 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, 14448 वर विचारता येतं.

सोमवारी जाऊ नकोस, गर्दी असते. मंगळवारी साडेदहाला जा.