विशेष मुखत्यारपत्र

आज दिनांक ७ जानेवारी २०२६ रोजी दुबई, संयुक्त अरब अमिराती येथे

लिहून घेणार (मुखत्यार): सौ. स्मिता प्रकाश देसाई, माहेरचे नाव स्मिता यशवंत साळवी, वय ३४ वर्षे, धंदा घरकाम, राहणार चिपळूण, जिल्हा रत्नागिरी

यांना

लिहून देणार: श्री. नीलेश यशवंत साळवी, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी, मूळ राहणार मौजे करंबेळी, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार शारजा, संयुक्त अरब अमिराती, भारतीय पासपोर्टधारक

कारणे विशेष मुखत्यारपत्र लिहून देतो ते असे की,

लिहून घेणार ही माझी सख्खी धाकटी बहीण आहे. आमचे वडील यशवंत गोविंद साळवी हे करंबेळी येथे दिनांक १८ नोव्हेंबर २०२५ रोजी मयत झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे त्यांना आमची आई श्रीमती सुमती यशवंत साळवी, मी आणि लिहून घेणार असे तिघेच वारस आहेत, चौथे कोणी नाही. खाली लिहिलेली मिळकत वडिलांनी स्वतःच्या कमाईतून खरेदीखताने घेतलेली असून तिच्यात आम्हा तिघांचा प्रत्येकी एक-तृतीयांश हिस्सा आहे.

मिळकतीचे वर्णन: मौजे करंबेळी येथील गट क्रमांक २१४, क्षेत्र ० हेक्टर ६२ आर, ही हापूस कलमांची बागायत जमीन, तिच्यातील विहिरीसह, तसेच त्याच गावच्या हद्दीतील ग्रामपंचायत घर क्रमांक १८७, पडवी, मागील खळे व गोठ्यासह. यापुढे या दोन्हींना मिळून "सदर मिळकत" म्हटले आहे.

वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे देणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे आवश्यक आहे. कामावरून मला एवढ्यात रजा मिळणे शक्य नाही आणि आईला गुडघ्यांमुळे देवरुखपर्यंतचे हेलपाटे झेपत नाहीत. म्हणून खालील कामे माझ्या नावाने व माझ्या वतीने करण्याचा अधिकार मी लिहून घेणार हिला देत आहे.

१. वडिलांच्या नावावरील सातबारा व आठ-अ उताऱ्यांवर तिन्ही वारसांची नावे लागण्यासाठी तलाठी, मंडळ अधिकारी व देवरुख येथील तहसील कार्यालय यांच्याकडे अर्ज, प्रतिज्ञापत्र व जबाब देणे, फेरफार नोंदीची नोटीस स्वीकारणे, हरकत आल्यास सुनावणीस हजर राहणे आणि मंजूर नोंदीचे उतारे घेणे.

२. घर क्रमांक १८७ च्या नमुना ८ उताऱ्यावर व महावितरणच्या वीजजोडणीवर नाव बदलून घेणे आणि मागील घरपट्टी थकलेली असल्यास ती भरून पावती घेणे.

३. वारसनोंद मंजूर झाल्यानंतर सदर मिळकतीतील माझा एक-तृतीयांश हिस्सा विनामोबदला आमची आई श्रीमती सुमती यशवंत साळवी हिच्या नावे सोडून देणारे हक्कसोडपत्र तयार करून घेणे, त्यावर माझी मुखत्यार म्हणून सही व अंगठा करणे, तो दस्त दुय्यम निबंधकांसमोर सादर करणे, लिहून दिल्याचा कबुलीजबाब देणे, मुद्रांक व नोंदणी शुल्क भरणे, फोटो व अंगठ्याचा ठसा देणे, मूळ दस्त व इंडेक्स-२ ताब्यात घेणे आणि त्याप्रमाणे पुन्हा फेरफार करून घेणे.

हक्कसोड आईच्याच नावे व्हायची आहे. माझा हिस्सा लिहून घेणार हिला स्वतःच्या, तिच्या यजमानांच्या किंवा मुलांच्या नावे करून घेता येणार नाही. ही अट मी अविश्वासाने घातलेली नाही. उद्या भाऊबंदांपैकी कोणी तिच्याकडे बोट दाखवू नये एवढ्यासाठीच ती मुद्दाम लिहून ठेवली आहे. लिहून घेणार हिचा स्वतःचा एक-तृतीयांश हिस्सा या दस्ताने कमी किंवा जास्त होत नाही. त्याचे काय करायचे हे तिचे तिने ठरवावे.

हक्कसोड नोंदवण्यापूर्वी आईच्या ट्रंकेतली कागदपत्रे, म्हणजे मूळ खरेदीखत व जुने उतारे, पाहून गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा दस्ताशी ताडून घ्याव्यात. मसुदा मला आधी वाचायला पाठवावा आणि माझा होकार आल्याशिवाय सही करू नये. मात्र हा आम्हा भावाबहिणीतील ठराव आहे. तो पाळला की नाही याची चौकशी करण्याची जबाबदारी नोंदणी अधिकाऱ्यांवर नाही आणि त्या कारणाने नोंदलेला दस्त मी नाकबूल करणार नाही.

या मुखत्यारपत्राने सदर मिळकत विकण्याचा, गहाण टाकण्याचा, साठेखत करण्याचा, तिच्यावर कर्ज काढण्याचा किंवा जमीन बिनशेती करून घेण्याचा अधिकार दिलेला नाही. कलमांचा मक्ता देणे आणि झाडतोड हेही यात येत नाही. बागेचे उत्पन्न आई पूर्वीप्रमाणेच पाहील. लिहून घेणार हिला आपल्या जागी दुसरा मुखत्यार नेमता येणार नाही. वकील किंवा दस्तलेखकाची मदत घेता येईल व त्यांचा खर्च मी देईन.

हे मुखत्यारपत्र कोणताही मोबदला न घेता दिले आहे. ते दिनांक ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत किंवा वरील कामे पुरी होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत अमलात राहील. त्याआधी ते रद्द करायचे झाल्यास मी लिहून घेणार हिला व संबंधित दुय्यम निबंधकांना लेखी कळवीन. रद्द झाल्याचे कळण्यापूर्वी तिने या अधिकारात केलेली कामे माझ्यावर बंधनकारक राहतील. मी हयात आहे व मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही असे घोषणापत्र दस्त नोंदवताना तिला द्यावे लागेल. ते देण्याचाही तिला अधिकार आहे.

मी नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३३ ला अनुसरून या मुखत्यारपत्रावर भारताच्या वाणिज्यदूत अधिकाऱ्यासमोर सही करीत आहे. मूळ प्रत महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत लिहून घेणार हिने ती सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी, रत्नागिरी यांच्याकडे सादर करून महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे योग्य मुद्रांकित करून घ्यावी आणि त्यानंतरच वापरावी. पोहोचल्याचा पुरावा म्हणून कुरिअरचे पाकीट जपून ठेवावे.

माझ्या पासपोर्टाची व निवासी व्हिसाची स्वसाक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. दोघांचे फोटो पहिल्या पानावर लावले असून माझ्या फोटोवर माझी आडवी सही आहे. प्रत्येक पानाखाली मी सही केली आहे. कुठेही खाडाखोड नाही.

हे विशेष मुखत्यारपत्र मी स्वतः वाचून, समजून, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून दिले आहे.

लिहून देणार
(सही व डाव्या अंगठ्याचा ठसा)
नीलेश यशवंत साळवी

साक्षीदार
१. (सही) महेश अनंत पाटणकर, राहणार दुबई
२. (सही) वैशाली संदीप कदम, राहणार शारजा

मुखत्यारपद मला मान्य आहे. वरील अटी मी वाचल्या आहेत.
(सही) सौ. स्मिता प्रकाश देसाई
चिपळूण, दिनांक १९ जानेवारी २०२६

साक्षांकन

भारताचा महावाणिज्य दूतावास, दुबई

श्री. नीलेश यशवंत साळवी यांनी मूळ पासपोर्ट दाखवून ओळख पटवली व वरील मुखत्यारपत्रावर दिनांक ७ जानेवारी २०२६ रोजी माझ्यासमोर सही केली. हे साक्षांकन फक्त सहीपुरते आहे. दस्तातील मजकुराची जबाबदारी दूतावास घेत नाही.

(सही व गोल शिक्का)
वाणिज्यदूत अधिकारी