साथ
(वै. तात्यांच्या स्मरणार्थ संकलित अभंगसंग्रहाची अर्पणपत्रिका)

॥ श्री ॥

काय सांगों आतां संतांचे उपकार ।
मज निरंतर जागविती ॥
काय द्यावें त्यांचें व्हावें उतराई ।
ठेवितां हा पायीं जीव थोडा ॥

— श्री तुकाराम महाराज

॥ अर्पण ॥

ज्यांनी उभ्या आयुष्यात एकही अभंग स्वतः पुढे होऊन म्हटला नाही, पण ज्यांच्या मृदंगाच्या आधारावाचून आमच्या गावातला एकही अभंग उभा राहिला नाही, त्या आमच्या वडिलांच्या, वैकुंठवासी तात्यांच्या स्मृतीस, त्यांच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या दिवशी हा संग्रह आम्ही भावंडे नम्रपणे अर्पण करीत आहोत.

असे लिहिताना एक संकोच वाटतो आणि तो इथेच बोलून दाखवणे योग्य होईल. या पुस्तकातील शब्द ज्ञानोबांचे, नामदेवरायांचे, चोखोबांचे, जनाबाईंचे, नाथांचे आणि तुकोबांचे आहेत. जे मुळात विठ्ठलचरणी वाहिलेले आहे, ते आपण आणखी कोणाला कसे अर्पण करावे? वर दिलेल्या अभंगातील उपकार संतांचे आहेत. ते शब्द वडिलांना उद्देशून छापले असते तर तात्यांनीच ते पान फाडायला लावले असते. तेव्हा वाचकांनी तो अभंग संतांसाठीच वाचावा. आम्ही तो निवडला तो त्यातील ‘जागविती’ या क्रियापदाशी आमच्या घराचा जुना संबंध आहे म्हणून. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकड्याचा महिना चाले, त्या दिवसांत पहाटे आम्हा मुलांची पांघरुणे ओढण्याचे काम तात्यांकडे असे, आणि ते काम त्यांनी दयामाया न दाखवता केले.

त्यांना वाहतो आहोत ती अभंगांची निवड, त्यांचा क्रम आणि त्यांच्या कडेला बारीक अक्षरात दिलेल्या सूचना, कारण हे तिन्ही त्यांचेच आहे.

तात्या साखर कारखान्यात फिटर होते. जुन्या झालेल्या नोंदवह्यांची कोरी पाने ते घरी आणीत आणि दोऱ्याने शिवून त्यांच्या वह्या करीत. तापमान, दाब, वेळ यांसाठी आखलेल्या रकान्यांमध्ये त्यांनी अभंगाचे पहिले चरण, चाल, ठेका आणि शेवटच्या रकान्यात एखाददुसरा शेरा असे सारे टिपून ठेवले. पूर्ण अभंग त्यांनी कुठेच लिहिला नाही. तो गाणाऱ्याला पाठ असलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो आमच्या पिढीला परवडणारा नव्हता. म्हणून वहीतील पहिल्या चरणांवरून पूर्ण पाठ आम्ही छापील गाथांमधून घेतले, आणि जिथे गाथेतील पाठ व गावातील म्हणणे यांत फरक आढळला, तिथे गाथेचा पाठ ठेवून गावचा पाठ खाली दिला आहे.

शेरे मात्र जसेच्या तसे छापले आहेत. ‘घाई नको.’ ‘इथे चढवू नये.’ ‘गळा पाहून.’ ‘शब्द संपू द्यावा.’ एका गौळणीपुढे नुसते ‘थांबा’ असे लिहिले आहे. ते कोणासाठी, ते आता सांगता येणार नाही, पण जुन्या टाळकऱ्यांनी ते पाहिले तेव्हा सगळे एकाच जणाकडे वळून हसले.

या शेऱ्यांच्या मागे एक ठाम मत होते. भजन रंगले की लय वाढते, टाळ कडकडतात, हात मोकळा सुटतो, आणि मृदंगवाल्याला तर तो क्षण आपलाच वाटतो. तात्यांचे म्हणणे असे की नेमका तेव्हाच अभंग हातातून जातो, कारण ऐकणाऱ्याला नाद ऐकू येतो आणि तुकोबा ऐकू येत नाहीत. त्यांनी आठ मात्रांचा साधा भजनी ठेका इतकी वर्षे वाजवला, आणि लग्गी लावायची ती गजराला. मधल्या चरणांवर त्यांचा हात मुद्दाम हलका पडे. रात्र चढली, मंडळी पेंगू लागली की बुवा मधले चरण गाळून एकदम ‘तुका म्हणे’वर येत. अशा वेळी तात्या ठेका सोडत नसत, नुसते बुवांकडे पाहत राहत, आणि बुवांना मागे जाऊन राहिलेला चरण घ्यावा लागे. त्यांनी बुवांवर केलेली जबरदस्ती म्हणायची तर एवढीच. या संग्रहात प्रत्येक अभंगाचे सर्व चरण छापले आहेत आणि अक्षर मोठे ठेवले आहे, ते त्या नजरेला मान देऊन.

गाथेत तुकोबांच्या पुष्कळ अभंगांत दुसऱ्या कडव्यापुढे ‘ध्रु.’ अशी खूण असते, तर आमच्याकडे बहुतेक वेळा पहिल्याच चरणाचे ध्रुवपद धरून म्हणण्याची रीत आहे. तात्यांनी आपल्या वहीत जिथे परतायचे त्या जागी फुली केली होती. तीच फुली आम्ही छापली आहे.

क्रम त्यांच्या वहीतला आहे आणि तो भजनाच्या बैठकीचाच आहे. ‘जय जय राम कृष्ण हरी’ झाल्यावर रूपाचे अभंग, मग नामपर, उपदेशपर आणि करुणापर अभंग, नंतर वारांचे अभंग, गौळणी, थोडी भारुडे, आणि शेवटी पसायदान. हरिपाठ घेतलेला नाही, कारण तो नसलेले घर आमच्या पंचक्रोशीत सापडणार नाही. एका ठिकाणी मात्र त्यांचा क्रम रूढीपेक्षा वेगळा आहे. नामदेवरायांच्या अभंगांना लागूनच त्यांनी चोखोबा आणि सोयराबाई यांचे अभंग ठेवले आहेत. पंढरीत महाद्वाराशी नामदेवांची पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी, तिथे डोके टेकल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. वहीतही त्यांनी तीच शेजारधर्माची जागा पाळली. एकादशीच्या जागराला चोखोबांचा एक तरी अभंग झालाच पाहिजे, हाही त्यांचाच नेम, आणि मंडळाने तो अजून मोडलेला नाही.

नोकरी आणि वारी यांचा मेळ त्यांनी कसा घातला, हेही इथे नोंदवावेसे वाटते. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे कार्तिकीला पंढरपूर गाठणे त्यांना नोकरी असेपर्यंत कधी साधले नाही. आषाढीच्या दिवसांत कारखान्यात देखभाल-दुरुस्तीची कामे असत, पण रजा मिळे. माउलींची पालखी नीरा स्नान करून सातारा जिल्ह्यात आली की तात्या लोणंदला दिंडीत मिळत, चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणात गळ्यात मृदंग अडकवून वाजवीत, आणि तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करून पुढे जात. काकड्याच्या महिन्यात मात्र हंगाम ऐन सुरू होण्याच्या बेतात असे. रात्रपाळी उतरली की ते घरी न येता थेट देवळात जात, आणि अंगावरच्या वंगणाच्या वासासकट मृदंगापुढे बसत. त्याबद्दल कोणी नाक मुरडल्याचे आम्हाला तरी ठाऊक नाही.

मृदंग शिसवी खोडाचा होता. भजनाआधी आई कणीक मळून ओल्या फडक्यात गुंडाळून देई. तात्या ती डाव्या पुडीवर गोल थापत, बोटाने कडा दाबून आवाज घेत, आणि हवा तसा भरीव घुमारा मिळेपर्यंत चिमूट-चिमूट काढत किंवा लावत. उजव्या बाजूच्या शाईच्या पुडीचा स्वर ते पेटीशी जुळवीत. वादीखालचे गट्टे वर-खाली करायला त्यांची एक वेगळी लहान हातोडी होती, आणि घरात खिळा ठोकायला ती मागितली तर मिळत नसे. भजन संपल्यावर कणीक खरवडून काढायची, पुडी पुसायची आणि मगच प्रसाद घ्यायचा. वाळलेली कणीक चामडे खाते, हे ते प्रत्येक नव्या शिकाऊ पोराला सांगत. आईने किती कणीक मळली याची नोंद कोणत्याही वहीत नाही. म्हणून या अर्पणपत्रिकेत तिचे नाव तात्यांच्या बरोबरीने असावे असे आम्हाला वाटत होते. तिने ते नको म्हटले. “मी आहे अजून,” एवढेच कारण तिने दिले, आणि ते मान्य करणे भाग होते.

चालींविषयी एक खुलासा करतो. वहीत काही अभंगांपुढे नाट्यगीतांच्या आणि काही ठिकाणी जुन्या चित्रपटगीतांच्या चाली सुचवलेल्या आढळतात. असे करावे की करू नये, यावर आमच्या मंडळात आजही दोन तट आहेत. तात्यांना चालीचे सोवळे नव्हते. चाल कुठलीही चालेल, फक्त ऐकणाऱ्याला ती कुठून आली ते आठवता कामा नये, अशी त्यांची अट होती. या अटीत न बसणाऱ्या चाली आम्ही आमच्या जबाबदारीवर वगळल्या आहेत. त्यात आमचा कान चुकला असेल तर जाणकारांनी क्षमा करावी.

संकलनाच्या कामी मंडळाच्या बुवांनी आठवणीतून चाली म्हणून दाखवल्या, विणेकऱ्यांनी प्रत्येक पान वाचून दिले, आणि तात्यांच्या हाताखाली शिकलेल्या तरुण मृदंगवादकांनी वहीतील ठेक्यांच्या खुणा उलगडून सांगितल्या. हे ऋण त्यांच्या नावांनिशी छापावे, तर त्यांनी एकमुखाने नकार दिला. मंडळाचे पुस्तक आहे, त्यात कोणाचे नाव कशाला, असे ते म्हणाले. ही सवय त्यांना कोणी लावली, हे आम्ही जाणतो.

पुस्तकाला किंमत ठेवलेली नाही. ज्यांना प्रत मिळेल त्यांनी ती भजनाला घेऊन यावी, पाने मळाली तर मळू द्यावीत, आणि अभंग पाठ झाले की ती ज्याला पाठ नाहीत त्याच्या हाती द्यावी.

साथीला बसून ज्यांनी शब्दाला नेहमी आपल्यापुढे ठेवले, त्या तात्यांच्या चरणी, संतांचे हे शब्द पुन्हा एकदा पुढे ठेवून, त्यांची मुले, सुना, जावई आणि नातवंडे यांचा साष्टांग दंडवत.

तालुका फलटण, जिल्हा सातारा
पौष, शके १९४६ (जानेवारी २०२५)

॥ राम कृष्ण हरी ॥