विषय: गुरुवारी सकाळी तंत्रनिकेतनात शिकवण्यासाठी परवानगी

देशपांडे सर,
सप्रेम नमस्कार.

आकुर्डीच्या एका तंत्रनिकेतनात जुलैपासून डिप्लोमा मेकॅनिकलच्या मुलांचं मेट्रॉलॉजीचं प्रॅक्टिकल घ्याल का, असं मला विचारलं आहे. वेळ दर गुरुवारी सकाळी 9 ते 12. माझ्या नेमणूकपत्रानुसार बाहेरच्या कामाला कंपनीची लेखी परवानगी लागते, त्यामुळे मी अजून होकार दिलेला नाही.

हे काम मला मनापासून करायचं आहे. मागच्या वर्षी आलेल्या अप्रेंटिसपैकी एक जण मायक्रोमीटर रॅचेटने न फिरवता थेट थिंबल आवळायचा. त्याचं रीडिंग दोन-तीन शतांश कमी यायचं आणि चांगले शाफ्ट अंडरसाइज म्हणून लाल ट्रेमध्ये जायचे. पोरगा हुशार होता, पण कॉलेजात चौघांत एक मायक्रोमीटर, त्यामुळे तो हातात धरायला कोणी शिकवलंच नव्हतं. ते मला शिकवता येईल.

वेळेचं म्हणाल तर गुरुवार आपल्या सुट्टीचा वार, म्हणून शिफ्टला कुठेच धक्का नाही. कस्टमर ऑडिट किंवा मंथ एंडमुळे गुरुवारी बोलावलंत, तर मी कामावरच येईन. कॉलेजच्या विभागप्रमुखांना हे आधीच सांगितलं आहे. त्या दिवशी त्यांचे सर बॅच सांभाळतील. पेपर तपासणं, जर्नल बघणं घरी होईल, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही.

हितसंबंधांचा प्रश्न मात्र नीट बोलायला हवा. आपलं कुठलंही ड्रॉइंग, रिजेक्शनचा आकडा किंवा ग्राहकाचं नाव वर्गात जाणार नाही. मोजायला मी बाजारातली 6204 बेअरिंग नेणार आहे. तिची 20, 47 आणि 14 मिलिमीटर ही मापं कोणत्याही कॅटलॉगमध्ये मिळतात. खरी अडचण वेगळी आहे. त्याच कॉलेजची मुलं आपल्याकडे अप्रेंटिस म्हणून अर्ज करतात आणि मुलाखतीच्या पॅनेलवर मी असतो. मी शिकवलेल्या मुलाला मीच निवडणं योग्य दिसणार नाही, म्हणून त्या कॉलेजच्या मुलांपुरतं मला पॅनेलवरून बाजूला ठेवावं. आपल्या सप्लायरकडचा कोणी वर्गात निघाला, तर तेही लगेच तुमच्या कानावर घालेन. मानधन तासिकेप्रमाणे आहे. त्याचं पत्र एचआरला देईन.

परवानगी एकाच सत्रापुरती, नोव्हेंबरपर्यंत द्यावी. मधेच कामावर परिणाम होतोय असं तुम्हाला वाटलं, तर सांगा. मी कॉलेजला कळवून थांबेन.

कॉलेजला 25 जूनपर्यंत उत्तर हवं आहे. उद्या मॉर्निंग मीटिंगनंतर दहा मिनिटं दिलीत तर समक्ष बोलू. तुम्ही हो म्हणालात, तर याच मेलवर लेखी द्यावं, म्हणजे एचआरकडे पाठवता येईल.

आपला,
महेश
क्वालिटी, स्टँडर्ड रूम