स्नेहल, त्या तारखेच्या बगबद्दल

स्नेहल,

काल चहाला तू म्हणालीस, "सगळ्यांना पटापट जमतं, मलाच वेळ लागतो." बाकीची मंडळी आजूबाजूला होती, म्हणून मी विषय बदलला. आता निवांत लिहितोय. "तू हुशार आहेस, घाबरू नकोस" असलं काही लिहिणार नाही. ते घरचेही सांगत असतील आणि त्याने तुला फरक पडत नसेल.

आधी तो तारखेचा बग. त्यात दोन दिवस गेले म्हणून तू स्वतःला कोसतेयस. पण तो होता काय ते बघ. अमेरिकेतल्या ग्राहकाला डिलिव्हरीची तारीख एक दिवस आधीची दिसत होती आणि तुझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली की ती यूटीसीची मध्यरात्र धरते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे तारीख तीच राहते. पुण्यात बसून हा बग दिसायचाच नाही. हे चालवून बघ:

```
TZ=America/New_York node -e 'console.log(new Date("2024-03-05").toString())'
```

उत्तरात ४ मार्च येईल, संध्याकाळचे सात. त्याच तारखेपुढे `T00:00` लाव, मग ती स्थानिक वेळ धरते आणि ५ मार्च येतो. एकाच भाषेत दोन न्याय! (महिने शून्यापासून मोजायची खोड तर १९९५ साली जावाकडून जशीच्या तशी उचललेली. जावाने आपल्या त्या `Date` मधलं बरंचसं पुढच्या दोनेक वर्षांतच मोडीत काढलं, आपण अजून भोगतोय.) तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. तू यूटीसीपर्यंत स्वतः पोचलीस. शेवटी बदलली एकच ओळ, म्हणून तुला वाटतं काम एका ओळीचंच होतं.

आता बाकीच्यांचं. तू त्यांचं जे बघतेस ते `git log` असतं. आपल्याकडे पुल रिक्वेस्ट स्क्वॅश करूनच मर्ज होते. कुणी आठ वेळा चुकून नवव्यांदा जमवलं असेल तरी मेनवर एकच नीटनेटकी कमिट दिसते. आठ चुका कुठे असतात? ज्याच्या-त्याच्या मशीनवर, `git reflog` मध्ये. रीफ्लॉग पुश होत नाही, त्यामुळे दुसऱ्याचा तुला कधी दिसणारच नाही. स्वतःचा मात्र तू रोज जगतेस. मग त्यांच्या लॉगशी स्वतःचा रीफ्लॉग ताडून बघतेस आणि रडकुंडीला येतेस. माझ्या लॅपटॉपवर सोमवारी टाइप करून बघ, खुशाल. रीसेट, रीसेट, अमेंड, पुन्हा रीसेट. फार शोभिवंत नाही.

स्टँडअपचंही तेच. "झालं" हा शब्द तिथे फार स्वस्त आहे. तुमच्या बॅचमधला तो मुलगा, ज्याचं सगळं पहिल्या दिवशीच होतं, तो आठवीपासून प्रोग्रॅमिंग करतोय. तो शिकत नाहीये, आठवतोय. त्याची खरी परीक्षा त्याला न येणारं काही समोर आलं की होईल. आणि तू मराठी माध्यमातून आलीस, इंग्रजी डॉक्युमेंटेशन दोनदा वाचतेस, याचीही लाज नको. माझा अनुभव असा की एकदा भरभर वाचणारे बरेच जण इशाऱ्याची ओळ गाळतात.

हे सगळं तुझी समजूत काढण्यासाठी नाही, कारण एका बाबतीत तू खरोखरच वेळ घालवतेस. अडलीस की गप्प बसतेस. त्या बगमध्ये पहिल्या दिवशी दुपारी तुला कळलं होतं की बग फक्त अमेरिकेत येतो. तेव्हाच मला येऊन सांगितलं असतंस तर दुसरा दिवस वाचला असता. विचारलं तर "एवढंही येत नाही" असं वाटेल, ही भीती मला कळते. पण सीनियरला त्रास होतो तो "चालत नाहीये" एवढंच सांगणाऱ्याचा. अर्धा-पाऊण तास अडलीस की तीन गोष्टी लिहून काढ: काय व्हायला हवं होतं, काय होतंय, काय करून बघितलं. लिहिता लिहिताच बरेचदा उत्तर सापडतं. नाही सापडलं तर तेच मला पाठव, चॅटवर. "सर, थोडा वेळ आहे का?" असं विचारून थांबू नकोस, थेट प्रश्नच टाक.

सोमवारी इन्व्हॉइसचं तिकीट तुझ्याकडे येतंय. त्यातही ड्यू डेट आहे आणि ती बॅकएंडकडून नुसती तारीख म्हणूनच येते, हे मी पाहिलंय. आधी न्यूयॉर्कच्या टाइमझोनवर फेल होणारी टेस्ट लिही, मग कोडला हात लाव. आणि त्या आठवीपासूनवाल्याला रिव्ह्यूला घे. त्याने हा प्रकार बघितलेला नाही, समजावून सांगावं लागेल तुला.

— मंदार